ऐंशी टनांचा खांब आणि दोन सळया

इस्लामपुरात हल्ली उभ्या राहणाऱ्या फ्लॅटच्या इमारतींसारखी एक इमारत धरू. खाली स्टिल्ट पार्किंग, वर सहा मजले, म्हणजे गच्ची धरून सात स्लॅब. लांबी २४ मीटर, रुंदी १६ मीटर, खांब दोन्ही दिशांना चार-चार मीटरवर. असे एकूण ३५ खांब. ही कोणती एक खरी इमारत नाही, हिशेबासाठी घेतलेला नमुना आहे. पण तिची मापे वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही आरसीसी कन्सल्टंटला ओळखीची वाटतील.

या इमारतीचे वजन सुमारे २,७०० टन भरते. रस्त्याच्या बाजूला असलेल्या सात खांबांपैकी मधला खांब घेतला, तर त्याच्या डोक्यावर प्रत्येक मजल्याचे साडेअकरा टन येतात. सात स्लॅबचे मिळून ऐंशी टन. हंगामात साखराळ्याच्या कारखान्याकडे दोन ट्रॉल्या लावून निघालेला ट्रॅक्टर साधारण २० टन ऊस ओढतो. तशा चार ट्रॅक्टरांचा ऊस एकावर एक रचला, तर जेवढे वजन होईल तेवढे हा ३०० बाय ४५० मिलिमीटरचा खांब रात्रंदिवस पेलत असतो.

आता हा खांब स्टिल्टच्या उंचीत अचानक नाहीसा झाला असे समजा. इमारत राहील का? या एका प्रश्नाचे उत्तर म्हणजे साखळी-कोसळ तपासणी. तिचा सारांश परवानगीच्या फाइलला जोडताना तपासणाऱ्या अधिकाऱ्याला सांगायचे असते की खांब गेल्यावर भार कोणत्या पर्यायी वाटेने जमिनीपर्यंत जाईल, आणि ती वाट आपण कोणत्या गृहीतकांवर आखली आहे. इतक्या मोठ्या वजनाचा निकाल किती थोड्या लोखंडावर अवलंबून असतो, हे त्या हिशेबात दिसते.

खांब का काढून पाहायचा

१६ मे १९६८ च्या सकाळी लंडनच्या पूर्व भागातल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. स्फोट मोठा नव्हता. ज्या घरात तो झाला तिथली रहिवासी स्त्री वाचली. पण स्फोटाने बाहेरची भार पेलणारी भिंत ढकलली गेली. तिच्यावर उभे असलेले वरचे मजले खाली आले आणि त्यांच्या माराने खालचे मजलेही तळापर्यंत उतरले. इमारतीचा एक कोपराच गेला. चौघांचा जीव गेला. कारण एका घरातले आणि परिणाम बावीस मजल्यांवर, हे प्रमाण तपासणाऱ्यांना खटकले. ब्रिटनने १९७० मध्ये नियम बदलले, आणि एखादा आधार काल्पनिकरीत्या काढून पाहण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्याकडे असे व्हायला स्फोटाचीही गरज पडत नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली सिद्धी साई इमारत कोसळली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. त्या वेळी तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तळमजल्यावरचे दुकान मोठे करायचे, पार्किंगमध्ये ट्रक वळवायचा, खांबाच्या पायथ्याशी पाण्याने लोखंड गंजू द्यायचे, या गोष्टी कोणत्याही गावात घडतात. म्हणून तपासणीत कारण विचारलेच जात नाही. खांब कशाने गेला हे बाजूला ठेवून तो गेला असे धरायचे.

नेहमीच्या आरसीसी घरासाठी अशी पायरीवार पद्धत आयएस ४५६ मध्ये दिलेली नाही. त्यामुळे अभियंते अमेरिकेच्या जीएसए या सरकारी इमारत खात्याची २००३ ची मार्गदर्शिका किंवा तिथल्या संरक्षण खात्याचे यूएफसी ४-०२३-०३ आधाराला घेतात. म्हणून सारांशाच्या पहिल्याच ओळीत आपण कोणती पद्धत घेतली, भार किती धरला आणि का, हे लिहावे लागते. अधिकाऱ्यापुढे ठरलेले भारतीय कलम नसेल, तर गृहीतके उघड मांडली तरच त्याला ती तपासता येतात.

पहिले गृहीतक: भार किती

रोजच्या डिझाइनमध्ये आपण इमारतीचे स्वतःचे वजन आणि वापराचा भार दोन्ही दीडपट करतो. इथे तसे करत नाही. खांब जाण्याच्या नेमक्या क्षणी प्रत्येक खोली माणसांनी आणि सामानाने भरलेली असण्याची शक्यता फार कमी असते. म्हणून स्वतःचे वजन पूर्ण आणि वापराचा भार पाव, एवढाच घेतला. राहत्या घराचा २०० किलो प्रतिचौरस मीटर हा भार त्यामुळे ५० किलोवर येतो.

तरी आकडा फारसा उतरत नाही, कारण आपल्या घरांत जड असते ते बांधकामच. १२५ मिलिमीटरचा स्लॅब, फरशी, आतल्या भिंती आणि बाहेरची नऊ इंची वीटभिंत. खिडक्यांची जागा वजा केली तरी रस्त्याकडच्या बीमवर प्रत्येक मीटरला पावणेदोन टन येतात. मागच्या खांबाकडून काटकोनात येणारा बीम आणखी साडेचार टन आणून सोडतो. चार मीटरचे सात टन आणि हे साडेचार मिळून साडेअकरा. गच्चीवर बाहेरची भिंत नसते, पण सुरक्षित बाजूने तिथेही हाच आकडा धरला.

दुसरे गृहीतक: प्रत्येक मजला स्वतःचा भार पेलतो

ऐंशी टन ऐकले की वाटते, पहिल्या स्लॅबच्या बीमला आता ऐंशी टन उचलावे लागणार. तसे नसते. खालचा खांब गेला तरी वरचे खांबाचे तुकडे जागेवरच असतात, आणि सातही मजले एकाच वेळी, सारखेच खाली झुकू लागतात. सर्व बीम सारखे असतील तर प्रत्येक मजल्याचा बीम आपल्याच मजल्याचे साडेअकरा टन शेजारच्या खांबांकडे नेतो, दुसऱ्या मजल्याचे ओझे त्याच्यावर येत नाही. मधला खांब वरच्या मजल्यांना फक्त एकत्र बांधून ठेवतो.

इमारतीला वाचवणारी मुख्य गोष्ट हीच, आणि सारांशात ती अटीसह लिहावी लागते. अट अशी की खांब फक्त दोन स्लॅबमधल्या उंचीत नाहीसा झाला आणि त्याच्या डोक्यावरचा बीम-खांबाचा सांधा शाबूत राहिला. सांधाच फुटला तर हा हिशेब लागू होत नाही.

याच कारणाने खांब फक्त तळाशी काढून भागत नाही. सर्वांत वरच्या मजल्यावरचा खांब काढला तर त्याच्या डोक्यावर एकटा गच्चीचा बीम उरतो, मदतीला दुसरे मजले नसतात. बरेचदा गच्चीच्या बीममध्ये लोखंड कमी ठेवलेले असते आणि नेमक्या त्याच खांबावर पाण्याची टाकी असते. दहा हजार लिटरच्या टाकीत पाणीच दहा टन. म्हणून तळाचा, मधल्या मजल्यावरचा आणि गच्चीखालचा असे तीन वेगवेगळे प्रसंग तपासून सारांशात तिन्हींचे निकाल द्यावेत.

बारापट

आता एका मजल्यावर येऊ. खांब जागेवर असताना बीमचा गाळा चार मीटरचा होता. खांब गेला की गाळा आठ मीटरचा होतो. बीममध्ये येणारा वाकवणारा जोर गाळ्याच्या वर्गाने वाढतो, म्हणजे गाळा दुप्पट झाला की जोर चौपट. खांबाजवळ आधी २.३ टन-मीटर होते, ते ९.३ होते. त्यात आडव्या बीमने आणलेल्या साडेचार टनांचे आणखी साडेचार टन-मीटर पडतात. बेरीज १३.८, म्हणजे आधीच्या सहापट.

हे झाले खांब हळूहळू काढला तर. खांब अचानक गेला की आणखी एक गोष्ट घडते. भार स्थिर असतो पण मजला वेग घेतो. तोलाच्या जागी पोहोचेपर्यंत त्याच्यात वेग साठतो आणि तो थांबवायला बीमला तेवढेच अंतर आणखी वाकावे लागते. बीम पूर्णपणे लवचीक राहिला तर अचानक आलेला भार दुप्पट भारासारखा वागतो. २.३ चे आता २७.७ झाले. म्हणजे बारापट. आणि हे सारे अंदाजे पाव सेकंदात घडते, कारण एवढ्या गाळ्याचा खालीवर होण्याचा नैसर्गिक आवर्तकाल त्याच्या आसपास असतो.

बारापट जोरासाठी बीम डिझाइन करायचा तर इमारत बांधणे परवडणार नाही. पण तसे करावे लागत नाही, कारण लोखंडाची सळई तुटण्याआधी खूप ताणली जाते. एका हद्दीनंतर तिच्यातला जोर वाढत नाही, पण ती लांबत राहते आणि लांबताना पडणाऱ्या मजल्याची ऊर्जा शोषून घेते. बीमला ज्या झुकावाला सळई ताणू लागते त्याच्या चौपट झुकू दिले, तर अचानकपणाचा गुणक दोनवरून आठ भागिले सात, म्हणजे १.१४ वर येतो. आपल्या बीमसाठी पहिला झुकाव सुमारे १९ मिलिमीटर आहे. चौपट म्हणजे जवळपास ८ सेंटिमीटर. फरशा फुटतील, भिंतींना तडे जातील, दारे अडकतील, पण माणसे खाली उतरू शकतील. या तपासणीत मागणी एवढीच असते. इमारत पुन्हा राहण्याजोगी राहील असा दावा सारांशात चुकूनही करू नये.

म्हणजे प्रत्येक मजल्याची गरज ११.५ गुणिले १.१४, अर्थात १३.१ टन.

बीमजवळ काय आहे

आपला बीम २३० बाय ४५० मिलिमीटरचा. खांबाजवळ वरच्या बाजूला १६ मिलिमीटरच्या तीन सळया, खालच्या बाजूला दोन. आयएस १३९२० हे भूकंपासाठीच्या तपशिलांचे मानक सांगते की वर आणि खाली किमान दोन सळया बीमभर अखंड जाव्यात, आणि खांबाजवळ खालचे लोखंड वरच्याच्या निम्म्याहून कमी नसावे. आपला बीम दोन्ही अटी पाळतो.

सळईची खरी ताकद धरली, म्हणजे डिझाइनमधली सुरक्षेची वजावट न करता, तर वरच्या तीन सळया १०.९ टन-मीटर देतात आणि खालच्या दोन ७.५. खांब गेल्यावर दोन्ही शेजारच्या खांबांजवळ बीम वरच्या बाजूने ताणला जातो आणि गेलेल्या खांबाच्या जागी खालच्या बाजूने. दोन्ही जागी सळया ताणल्या गेल्या की या गाळ्याची पेलण्याची ताकद १०.९ आणि ७.५ च्या बेरजेच्या निम्मी, म्हणजे ९.२ टन भरते. मागच्या खांबातून आलेला आडवा बीम आता टोकाला आधार नसलेला कॅन्टिलिव्हर झालेला असतो. त्याच्या वरच्या तीन सळया १०.९ टन-मीटरला चार मीटरने भागून आणखी २.७ टन देतात. एकूण ११.९.

खांब हळूहळू काढला तर ११.५ टनांपुढे ११.९ टन, म्हणजे बीम जेमतेम पास. अचानक काढला तर १३.१ टनांपुढे ११.९ टन, म्हणजे नापास. मानकाची प्रत्येक अट पाळलेली इमारत सव्वा टनाने कमी पडते.

आता या गाळ्यात आणखी दोन सळया घालू. वर एक, खाली एक, दोन्ही अखंड. वरच्या चार सळया १४ टन-मीटर देतात, खालच्या तीन १०.९. बेरजेचे निम्मे १२.४, आणि आडव्या बीमचे २.७. एकूण १५.१ टन. गरज १३.१. ताकदीच्या ८७ टक्के वापर होतो आणि मजला उभा राहतो.

या दोन सळयांचे वजन पाहा. १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो भरते. आठ मीटरचा गाळा आणि टोकांची पकड धरून प्रत्येकी दहा मीटर, म्हणजे मजल्याला ३२ किलो आणि सात मजल्यांचे सव्वादोनशे किलो. ऐंशी टनांचा मार्ग बदलायला सव्वादोनशे किलो पुरतात. बाहेरच्या पूर्ण ८० मीटर कडेला सर्व मजल्यांवर अशा दोन सळया घातल्या, तर लॅप धरून सुमारे दोन टन लोखंड लागते. इमारत २,७०० टनांची आहे.

जीएसएच्या सोप्या पद्धतीनेही तेच दिसते. त्या पद्धतीत दुप्पट भाराने आलेला जोर आणि बीमची ताकद यांचे गुणोत्तर नेहमीच्या आराखड्याच्या इमारतीत दोनच्या आत असावे लागते. तीन सळयांनी २७.७ ला १०.९ ने भागून अडीच येते, चार सळयांनी दोनच्या किंचित आत. दोन वेगळ्या वाटांनी एकच निर्णय आला की तपासणाऱ्याचा विश्वास बसतो. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी द्यावेत.

सळई कुठे जोडली आहे

हा सारा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे. खालची सळई खांबातून आरपार गेली पाहिजे. रोजच्या भारात खांबाजवळ बीमचा वरचा भाग ताणला जातो, खालचा दाबला जातो. म्हणून जुन्या पद्धतीत खालच्या सळया क्रँक करून वर नेत आणि उरलेल्या खांबात थोड्या घुसवून थांबवत. आजही साइटवर खालच्या सळईचा लॅप बरेचदा खांबाजवळच पडतो, कारण रोजच्या भारासाठी तिथे तो चालतो.

खांब गेला की तीच जागा गाळ्याचा मध्य होते आणि खालची बाजू सर्वांत जास्त ताणली जाते. सळई तिथे तुटक असेल तर ७.५ टन-मीटरचे शून्य होतात. मग उरते वरच्या सळयांचे ५.४ आणि आडव्या बीमचे २.७, मिळून ८.१ टन. साडेअकरा टनांपुढे हे हळूहळू काढलेल्या खांबालाही पुरत नाही. आयएस १३९२० सांध्यात आणि खांबाच्या कडेपासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात लॅप घेऊ देत नाही. भूकंपासाठी घातलेली ही अट इथे तितकीच कामाला येते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या भागाने अनुभवला आहे, तिथे ही अट कागदावर राहू नये.

ड्रॉइंग पाहून हे कळत नाही, सेंट्रिंगवर उभे राहून कळते. काँक्रीट ओतण्याआधी बाहेरच्या प्रत्येक खांबाच्या सांध्यात वाकून पाहायचे. खालच्या सळया खांबाच्या रिंगांच्या आतून सरळ पलीकडे गेल्या आहेत का, लॅप खांबापासून दूर आहे का, आणि सांध्यात खांबाच्या रिंगा आहेत का. बीमच्या रिंगाही टोकाजवळ १०० मिलिमीटरवर हव्यात. सळया पूर्ण ताणल्या गेल्या की खांबाच्या कडेला सुमारे ९.७ टनांचा कातर जोर येतो. ८ मिलिमीटरच्या रिंगा १०० वर असतील तर त्यांची ताकद त्याच्या दुप्पट आहे. २०० वर ठेवल्या तर हातात काहीच उरत नाही, आणि कातरून तुटणारा बीम वाकण्याची संधी देत नाही. या चारही गोष्टींचे मजलावार फोटो सारांशाला जोडावेत.

काय धरले नाही

तपासणाऱ्याला सांगायचा दुसरा अर्धा भाग असतो तो आपण कशाचा आधार घेतला नाही याचा.

विटांच्या भिंती प्रत्यक्षात मदत करतात. कितीतरी घरे खांब निकामी होऊनही भिंतींवर टिकलेली असतात. पण स्टिल्टमध्ये भिंती नसतात आणि वरच्या भिंती उद्या कोणी पाडू शकतो. म्हणून त्यांचे वजन मोजले, ताकद मोजली नाही.

दुसरी गोष्ट दोरीसारख्या ताणाची. बीम वाकून निकामी झाला तरी सळया दोरासारख्या लटकून मजला धरतील, असा युक्तिवाद केला जातो. मूळच्या बीममधल्या पाचही सळया अखंड असतील तर त्या मिळून ५० टन ओढ देऊ शकतात. पण साडेअकरा टन असे लटकवायला मजला ४६ सेंटिमीटर खाली यावा लागतो, आणि तेवढ्या कोनापर्यंत साध्या आरसीसी बीमचे टोक टिकेल याची खात्री देता येत नाही. शिवाय ती ५० टनांची आडवी ओढ धरायला दोन्ही बाजूंना भक्कम काही हवे, आणि कोपऱ्याजवळ तसे काही नसते. म्हणून हिशेबात ही ताकद शून्य धरली.

कोपऱ्याचा खांब गेला तर पलीकडे गाळाच नसतो, दोन्ही बाजूंचे बीम फक्त कॅन्टिलिव्हर उरतात. तिथला भार कमी, मजल्याला सात टन, अचानकपणा धरून आठ. पण मूळच्या तीन सळयांचे दोन कॅन्टिलिव्हर मिळून साडेपाच टनच पेलतात, वाढवलेल्या चार सळयांचे सात. उरलेला एक टन कोपऱ्याच्या सांध्यातून, वरच्या खांबांच्या आणि बीमच्या चौकटीतून यावा लागतो. त्यासाठी बीमच्या खालच्या सळया त्या सांध्यात पूर्ण वळवून पकडलेल्या हव्यात. म्हणून कोपऱ्याच्या सांध्याचे वेगळे ड्रॉइंग द्यावे.

शेजारचे खांब पुरतील का, हाही प्रश्न येतो. गेलेल्या खांबाचा सुमारे ८० टक्के भार दोन्ही शेजाऱ्यांत वाटला जातो, उरलेला मागच्या खांबावर जातो. अचानकपणा धरून शेजारच्या खांबावर ८० टनांचे जवळपास ११७ टन होतात. एम-२५ काँक्रीट आणि १६ मिलिमीटरच्या आठ सळया असलेला ३०० बाय ४५० चा खांब निव्वळ दाबात सुमारे ३०० टन पेलतो. वाकणे धरून ताकद खाली येते, तरी जागा राहते. पायाखालचा दाब तेवढ्याच प्रमाणात वाढतो. म्हणून वाढलेला दाब जमिनीच्या चाचणी अहवालाशी जोडून दाखवावा.

वाट मुळातच नसलेल्या इमारती

१९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीतली नऊ मजली मरा इमारतीचा मोठा भाग स्फोटाने कोसळला आणि १६८ लोक मेले. तिच्या पुढच्या बाजूला वरचे खांब सुमारे सहा मीटरवर होते आणि खालचे बारा मीटरवर. मधला भार तिसऱ्या मजल्याच्या एका मोठ्या आडव्या गर्डरवर घेतलेला होता. स्फोटाने खालचे मोजके खांब गेले आणि त्या गर्डरवर उभा असलेला सारा पुढचा भाग खाली आला.

आपल्याकडे याचे छोटे रूप म्हणजे फ्लोटिंग कॉलम. स्टिल्टमध्ये गाड्या वळायला जागा हवी किंवा वर बाल्कनीची खोली वाढवायची, म्हणून खांब खालपर्यंत न नेता बीमच्या टोकावर उभा करतात. अशा बीमखालचा खांब गेला तर वरचे मजले आपला भार आपण पेलतील हे गृहीतक लागू होत नाही, कारण तिथे मजल्यांना बाजूला भार द्यायला चौकटच अर्धी असते. असा खांब इमारतीत असेल तर त्याची तपासणी सारांशात वेगळी, सर्वांत आधी आणि वरच्या सहाही मजल्यांचा भार दाखवून द्यावी. पर्यायी वाट मिळत नसेल तर त्याखालचा आधार थेट धक्क्यासाठी मजबूत करावा लागतो. रोनन पॉइंटनंतरच्या ब्रिटिश पद्धतीत अशा आधारावर प्रतिचौरस मीटर ३.४ टनांचा दाब धरतात.

जे हा हिशेब सांगत नाही

मजला एकदा सुटला की पर्यायी वाट उरत नाही. वरचा मजला खालच्यावर पडला तर खालच्याकडे स्वतःचे साडेअकरा आणि वरून आलेले साडेअकरा, एकूण तेवीस टन होतात. सुधारलेल्या बीमची ताकद १५.१ आहे. वरचा मजला अलगद ठेवला तरी तो पेलला जात नाही, मग तीन मीटरवरून आदळलेला कसा पेलेल? म्हणून ही तपासणी पहिला मजला न सुटण्यापुरतीच असते.

शेजारशेजारचे दोन खांब एकदम गेले तर गाळा बारा मीटरचा होतो. तेव्हा मजल्यावर अचानकपणा न धरताही तेवीस टन येतात आणि वाढवलेल्या लोखंडासह, दोन आडव्या बीमची मदत धरून ताकद १७.८ टन भरते. आपली इमारत एका खांबासाठी तपासली आहे, दोनसाठी नाही. सारांशाच्या शेवटच्या परिच्छेदात हे या आकड्यांसह लिहावे आणि त्याखाली अभियंत्याने सही करावी. खांबाला हात लावण्याची परवानगी मागणारा अर्ज पुढे कधी नगरपरिषदेत आला, तर अधिकाऱ्याच्या हातात तोपर्यंत एक स्पष्ट उत्तर तयार असेल. ही इमारत एक खांब अपघाताने गमावू शकते, जाणूनबुजून काढलेला एकही नाही, कारण तो काढल्यावर अपघातासाठी काहीच शिल्लक राहत नाही.